गोदामातला माल आणि ३१ मार्चची रेघ

कारखान्याचा नफा काढताना वर्षअखेरचा शिल्लक साठा फार मोठे काम करतो. वर्षभरात खरेदी केलेल्या मालातून जो माल शिल्लक राहिला, त्याची किंमत खर्चातून वजा होते. म्हणून शिल्लक साठा दहा लाखांनी जास्त दाखवला की त्या वर्षाचा नफा करापूर्वी बरोबर दहा लाखांनी वाढतो. त्यासाठी खोटे बिल करावे लागत नाही आणि खोटा ग्राहकही उभा करावा लागत नाही. यादीतला एक आकडा बदलला तरी पुरते. याच कारणामुळे ताळेबंदातल्या या ओळीवर लेखापरीक्षकाचे लक्ष सर्वांत आधी जाते आणि ती तपासायला त्याला टेबल सोडून गोदामात जावे लागते.

हे नेहमीच असे नव्हते. इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात, १८९६ साली, व्यवस्थापकाने साठा फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या सहीच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. संशयाला जागा नसताना जबाबदार अधिकाऱ्याचा दाखला पुरेसा मानला तर तो निष्काळजीपणा नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. पुढे चार दशके हाच पायंडा चालला. १९३८ च्या डिसेंबरात अमेरिकेतली मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषध कंपनी उघडी पडली. तिच्या ८७ दशलक्ष डॉलरच्या मालमत्तेपैकी सुमारे १९ दशलक्ष अस्तित्वातच नव्हते आणि त्यातला जवळजवळ १० दशलक्षांचा भाग कॅनडातल्या गोदामांमधला औषधांचा कच्चा माल म्हणून नोंदलेला होता. कागद सगळे चोख होते. ती गोदामे पाहायला मात्र लेखापरीक्षकांपैकी कोणी गेले नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या लेखापालांच्या संस्थेने साठ्याच्या मोजणीला हजर राहणे हा तपासणीचा भाग केला. आज भारतात लेखापरीक्षण मानक ५०१ हेच सांगते. साठा महत्त्वाचा असेल आणि जाणे अव्यवहार्य नसेल, तर मोजणीच्या वेळी हजर राहायचे, व्यवस्थापनाच्या सूचना तपासायच्या, मोजणी पाहायची, माल पारखायचा आणि काही माल स्वतः मोजायचा.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. साठा मोजण्याचे काम लेखापरीक्षकाचे नाही, ते कंपनीचे आहे. लेखापरीक्षक कंपनीने केलेली मोजणी विश्वासार्ह आहे का, हे तपासतो.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत शेतीपंप बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. कारखाना कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट अशा कारखान्यांत नेहमी आढळते. त्याच्याकडे बिडाचे कास्टिंग आहे, मोटर गुंडाळायची तांब्याची तार आहे, स्टँपिंग, बेअरिंग, सील, केबल आणि तयार पंप आहेत. वहीप्रमाणे एकूण साठा ४ कोटी २० लाखांचा, बाबी सुमारे ११५०. मार्चअखेरीस पंपांना मागणी असते, त्यामुळे मालकाला ३१ तारखेला उत्पादन थांबवायचे नाही. मोजणी रविवारी, ५ एप्रिलला ठरली आहे. हा निर्णय पुढे बराच त्रास देणार आहे.

लेखापरीक्षक मोजणीच्या आठ-दहा दिवस आधी मोजणीच्या लेखी सूचना मागवून घेतो. स्टोअरकीपर स्वतःच्या ताब्यातला माल स्वतःच मोजणार असेल, तर तिथेच पहिली दुरुस्ती सुचवायची. प्रत्येक पथकात स्टोअरचा एक माणूस माल ओळखायला आणि दुसऱ्या विभागाचा एक माणूस मोजायला असावा. शीटवर वहीतली शिल्लक आधीच छापलेली नसावी. छापलेली असली की मोजणारा थकल्यावर तोच आकडा समोर उतरवतो, आणि चूक कधीच सापडत नाही. टॅगना क्रम असावा, आणि किती टॅग वापरले, किती कोरे राहिले, किती रद्द झाले याचा हिशेब दिवसअखेर जुळावा. कोरे टॅग मोकळे राहिले तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर नसलेला माल लिहिता येतो.

आता नमुन्याचा प्रश्न. साडेअकराशे बाबी लेखापरीक्षक मोजू शकत नाही आणि मोजायची गरजही नाही. पण ‘चार इकडच्या, चार तिकडच्या’ उचलल्या तर त्या चारांवरून उरलेल्यांबद्दल काहीच म्हणता येत नाही. म्हणून निवड रुपयांच्या आधारे करतात. पद्धतीचे नाव मॉनेटरी युनिट सॅम्पलिंग असे भारदस्त आहे, पण आतली कल्पना सरळ आहे. साठ्यातला प्रत्येक रुपया एक चिठ्ठी मानायचा. ठरावीक अंतराने चिठ्ठ्या उचलायच्या आणि ज्या बाबीत ती चिठ्ठी पडते ती बाब मोजायची.

आपल्या कारखान्यात लेखापरीक्षकाने ठरवले की साठ्यात १२ लाखांपर्यंतची चूक सहन करता येईल, त्यापुढे नाही. काही चुका सापडतील हे गृहीत धरून त्याने अंतर ३ लाखांचे घेतले. ३ लाखांहून मोठी प्रत्येक बाब या पद्धतीत आपोआप निवडली जाते, कारण तीन लाखांची उडी तिला चुकवूच शकत नाही. अशा बाबी मिळून ३ कोटींच्या निघाल्या. त्या सगळ्या मोजायच्या. उरला १ कोटी २० लाखांचा बारीकसारीक माल, त्याला ३ लाखांनी भागले की ४० निवडी. ३ लाखांच्या आतली एक यादृच्छिक सुरुवात घ्यायची, समजा १,३७,०००. यादीतल्या किमती एकाखाली एक मिळवत जायचे. बेरीज १,३७,००० ओलांडते त्या ओळीवरची बाब पहिली, ४,३७,००० ओलांडते ती दुसरी, आणि असेच पुढे. दीड लाखाच्या बेअरिंगच्या पेटीला निवडले जाण्याची शक्यता निम्मी, तर तीन हजारांच्या वॉशरच्या डब्याला शंभरात एक. जिथे पैसा जास्त तिथे नजर जास्त, आणि तरीही लहान बाबीला पूर्ण सुटका नाही.

या चाळीसपैकी दोन बाबी चुकल्या. एक सीलचा साठा वहीत ८०,००० चा, प्रत्यक्षात ७२,००० चा, म्हणजे १० टक्के जास्त दाखवलेला. दुसरी एका जुन्या केबलची गुंडाळी, वहीत १५,०००, प्रत्यक्षात ९,०००, म्हणजे ४० टक्के. दोन्ही मिळून फरक फक्त १४,००० रुपयांचा. मालक म्हणतो, एवढ्यासाठी काय, दुरुस्त करून टाकू. पण प्रत्येक निवड ३ लाख रुपयांच्या वतीने बोलते. १० टक्के म्हणजे ३०,००० आणि ४० टक्के म्हणजे १,२०,०००, असा न पाहिलेल्या मालासह अंदाज दीड लाखाचा होतो. शिवाय नमुन्याने सगळे पकडलेच असेल असे नाही. ९५ टक्के खात्रीसाठीचे सांख्यिकी गुणक लावले की चुकीची कमाल मर्यादा साडेअकरा लाखांच्या थोडी वर येते. ती १२ लाखांच्या आत आहे, म्हणून इथे थांबता येते. केबल ४० ऐवजी ५० टक्क्यांनी चुकली असती तर मर्यादा १२ लाख ओलांडून गेली असती आणि आणखी माल मोजावा लागला असता. १४,००० या आकड्याकडे पाहून हे कळत नाही.

या पद्धतीची एक आंधळी बाजू आहे. निवड यादीतल्या रुपयांतून होते, त्यामुळे यादीत नसलेल्या मालाला चिठ्ठीच नसते. कमी दाखवलेल्या मालालाही निवडीत कमी संधी मिळते. म्हणून लेखापरीक्षक उलट्या दिशेनेही चालतो. गोदामात फिरताना तो स्वतःच काही थप्प्या निवडतो, मोजतो आणि मग त्या शीटवर आहेत का पाहतो. यादीकडून मालाकडे गेले की नसलेला माल सापडतो, मालाकडून यादीकडे आले की लपलेला किंवा विसरलेला माल सापडतो. दोन्ही दिशा लागतात. या फेरीत एका कोपऱ्यात दोनशे कास्टिंग टॅगशिवाय पडलेली दिसतात. स्टोअरकीपर म्हणतो, ‘‘साहेब, ती धरू नका, आपली नाहीत. मशीनिंगच्या जॉबवर्कला आली आहेत.’’ तो खरे सांगत असेल. पण पाठवणाऱ्याचे चलन पाहायचे आणि जमले तर त्या पार्टीकडून थेट लेखी दुजोरा मागवायचा. आपलाच माल दुसऱ्याच्या कारखान्यात गेला असेल तरी हेच.

मोजणे म्हणजे नेमके काय, हे तांब्याच्या तारेपाशी कळते. तार स्पूलवर गुंडाळलेली येते आणि किलोवर मोजली जाते. ६४ स्पूल रॅकवर आहेत आणि पथकाने शीटवर १,६६४ किलो लिहिले आहे. भागाकार केला तर सरासरी बरोबर २६ किलो. लेखापरीक्षक आधी काट्याकडे पाहतो. वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का चालू आहे का, रिकामा काटा शून्य दाखवतो का, वीस किलोचे माप ठेवले तर वीसच दाखवतो का. मग पाच-सहा स्पूल चढवतो. आकडे २६ च्या आसपासच येतात, पण ते स्पूलसकट. रिकामा स्पूल शोधून ठेवला तर १.२ किलो भरतो. पथकाने धडा केलेलाच नाही. ६४ स्पूलचे १.२ किलोप्रमाणे ७६.८ किलो प्लॅस्टिक तांब्याच्या भावाने साठ्यात बसले आहे. तांबे किलोला हजार रुपये धरले तर हे सुमारे ७७,००० रुपये. यात कोणाचा कट नाही. पण सगळे स्पूल सारख्या वजनाचे दिसणे हाही एक इशारा होता, कारण चालू कारखान्यात निम्मे स्पूल अर्धवट वापरलेले असतात. वजने घेतली नसून एकाच्या वजनाला ६४ ने गुणले आहे, हे त्या गोल सरासरीतच दिसत होते. मग प्रत्येक स्पूल पुन्हा चढवायचा, आणि खरा आकडा त्याहून खाली येणार.

तयार पंपांच्या खोक्यांचीही अशीच गोष्ट. समोरून थप्पी सहा आडवी, पाच उभी आणि आठ खोल दिसते, म्हणून २४० लिहिले जाते. पण मध्ये पोकळी आहे का हे बाजूने किंवा वरून पाहिल्याशिवाय कळत नाही. काही खोकी उचलून वजन जाणवते का पाहायचे, दोन-तीन उघडायची आणि नावपाटीवरचा अनुक्रमांक लिहून घ्यायचा. हा अनुक्रमांक पुढे फार कामाचा ठरतो. मोजणीनंतर पंधरा दिवसांनी तोच पंप कोणाला विकला गेला, की मार्चमध्येच विकलेला म्हणून नोंदला होता, हे त्यावरून कळते. मालाची अवस्थाही इथेच टिपायची. गंजलेली, धूळ बसलेली कास्टिंग मोजणीत बरोबर असतील, पण त्यांची किंमत खर्चाएवढी धरायची की विकून मिळेल तेवढी, हा प्रश्न मूल्यांकनाच्या वेळी विचारायचा असतो. त्याचे वेगळे प्रकरण पुढे आहे.

आता ३१ मार्चच्या रेघेकडे येऊ. माल मोजणे हे एका क्षणाचे काम आहे, पण वही रोज चालू असते. खरेदी, विक्री आणि साठा या तिन्हींनी एकाच क्षणी रेघ ओढली असेल तरच हिशेब जुळतो. तपासणीतला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि माझ्या मते नवखे लेखापरीक्षक सर्वांत जास्त इथेच फसतात, कारण मोजून झाले की काम संपले असे त्यांना वाटते.

गोदामात असतानाच लेखापरीक्षक चार ठिकाणचे शेवटचे क्रमांक लिहून घेतो. फाटकावरच्या आवक रजिस्टरातली ३१ मार्चची शेवटची नोंद, मालपोच नोंदीचा शेवटचा क्रमांक, डिलिव्हरी चलनाचा शेवटचा क्रमांक आणि विक्री बिलाचा शेवटचा क्रमांक. ५ एप्रिलचेही तेच चार. हे त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने लिहून घ्यायचे. नंतर महिन्याभराने मागितले तर मधला एखादा क्रमांक रद्द होऊन तिथे दुसरेच बिल आलेले असू शकते.

पहिला दाखला तांब्याचा. ३१ मार्चच्या संध्याकाळी १८ लाखांच्या तारेचा ट्रक आत आला. फाटकावर नोंद ३१ तारखेची. दर्जा तपासणी बाकी होती म्हणून मालपोच नोंद २ एप्रिलला झाली, आणि अकाउंट्सने खरेदी एप्रिलमध्ये घेतली. स्टोअरने मात्र प्रामाणिकपणे म्हटले, माल ३१ ला आत होता, तो ३१ च्या साठ्यात धरा. म्हणजे माल मार्चमध्ये आला आणि त्याची खरेदी एप्रिलमध्ये. साठा १८ लाखांनी वाढला, देणे वाढले नाही, आणि नफा १८ लाखांनी फुगला. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. दोन खात्यांनी रेघ वेगवेगळ्या दिवशी ओढली, एवढेच. समजा दोघांनीही एप्रिल धरले असते, तर नफा बरोबर राहिला असता. ताळेबंदात मात्र साठा आणि देणी दोन्ही १८ लाखांनी कमी दिसली असती. ही चूक पकडायला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली खरेदीची बिले घ्यायची आणि प्रत्येकाची फाटकावरची तारीख पाहायची.

दुसरा दाखला जास्त अवघड आहे, आणि त्यात मोजणी पाच दिवस उशिरा घेतल्याची किंमत दिसते. पाच अश्वशक्तीच्या एका मॉडेलचे ५ एप्रिलला ४१२ पंप मोजले गेले. १ ते ५ एप्रिलमध्ये ९० नवे तयार झाले. मग ३१ मार्चला किती होते? आजच्या आकड्यातून एप्रिलमध्ये आलेले वजा करायचे आणि एप्रिलमध्ये गेलेले मिळवायचे. कंपनीने एप्रिलची बिले मोजली, १५८ पंप. म्हणून ४१२ वजा ९० अधिक १५८, बरोबर ४८०. वहीतही ४८०. सगळे तंतोतंत जुळले.

लेखापरीक्षकाने मात्र बिलांऐवजी फाटकाचे जावक रजिस्टर घेतले. एप्रिलमध्ये फाटकातून १२८ च पंप बाहेर पडले होते. ४१२ वजा ९० अधिक १२८, म्हणजे ४५०. उरलेले ३० पंप ३१ मार्चच्या रात्री चलनावर गेले होते आणि बिल १ एप्रिलला झाले होते. वहीने बिलाची तारीख धरली आणि उलटा हिशेबही बिलांवरूनच केला, म्हणून दोन्हीकडे एकच चूक बसली आणि ती एकमेकींना झाकून गेली. उलटा हिशेब करताना मालाच्या हालचालीचा कागद घ्यायचा, पैशाच्या नोंदीचा नव्हे, हे इथे ध्यानात येते. वस्तू आणि सेवा कर कायद्यानुसार विक्रीसाठी माल हलवताना किंवा त्याआधीच बिल करायचे असते, त्यामुळे चलनावर गेलेला माल हा स्वतंत्र प्रश्नही उभा करतो. ई-वे बिलाचा दुसरा भाग, ज्यात वाहनाचा क्रमांक भरतात, तो कधी भरला ही वेळ पोर्टलवर राहते. ३१ मार्चच्या रात्रीचा वाहनक्रमांक आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी मिळाली की माल केव्हा निघाला यावर वाद उरत नाही.

तरीही ४५० बरोबर की ४८०, हे अजून ठरलेले नाही. ते विक्रीच्या अटीवर आहे. सौदा कारखान्याच्या दारात माल ताब्यात देण्याचा असेल, तर ते ३० पंप ३१ तारखेला ग्राहकाचे झाले. विक्री मार्चमध्ये घ्यायची आणि साठा ४५० चा. सौदा ग्राहकाच्या गोदामात पोचवून देण्याचा असेल, तर ३१ च्या मध्यरात्री ते वाटेत, पण कंपनीचेच होते. मग साठा ४८० चा, त्यातले ३० वाटेतला माल म्हणून, आणि विक्री एप्रिलची. म्हणून ऑर्डरची प्रत काढून डिलिव्हरीची अट वाचावी लागते. विक्रेत्याने शब्द काय वापरला यापेक्षा वाटेत ट्रक उलटला तर नुकसान कोणाचे, हे पाहिले की उत्तर लवकर मिळते.

याची उलट बाजूही नेहमी घडते. ३१ ला बिल झाले, विक्री मार्चमध्ये नोंदली, पण गाडी मिळाली नाही आणि खोकी डिस्पॅचच्या ओट्यावरच राहिली. मोजणाऱ्यांनी ती मोजली. तोच माल विक्रीतही आणि साठ्यातही. मोजणीच्या दिवशी अशा खोक्यांवर ‘विकलेला’ असा वेगळा टॅग लागला पाहिजे, आणि बिल झालेला माल गाडीत का चढला नाही याचे कारण विचारले पाहिजे. वर्षअखेरीचे लक्ष्य गाठायला केलेली बिले एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात क्रेडिट नोटने परत येतात. म्हणून एप्रिलच्या क्रेडिट नोटाही पाहायच्या.

मोजणी संपल्यावर लेखापरीक्षक शीटच्या प्रती घेऊन जातो. महिन्याभराने कंपनी अंतिम यादी देते तेव्हा त्या प्रतींतल्या बाबी अंतिम यादीत तशाच आहेत का, आणि यादीत शीटवर नसलेली ओळ शिरली आहे का, हे तपासतो. कोणत्याही एका प्रकारच्या साठ्यात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली का, आणि आढळली असेल तर ती हिशेबात योग्य तऱ्हेने घेतली का, हे ज्यांना कारो २०२० लागू आहे त्या कंपन्यांच्या अहवालात सांगावे लागते. बँकेकडून ५ कोटींहून जास्त खेळते भांडवल मंजूर असेल, तर दर तिमाहीला बँकेला दिलेली साठ्याची पत्रके वहीशी जुळतात का, हेही त्याच अहवालात येते. आपल्या पंप कारखान्यात बँकेला दिलेल्या मार्चच्या पत्रकात ते ३० पंप आणि स्पूलचे ७६.८ किलो प्लॅस्टिक, दोन्ही होते. मालकाने ऑर्डर काढून दिली, तीत माल कारखान्याच्या दारात ताब्यात घेण्याची अट होती. विक्री मार्चमध्ये आली, साठा ४५० वर आला, आणि बँकेला सुधारित पत्रक गेले.